पुणे–दिल्ली, चौघांचं तिकीट: स्वस्त भाडं घेऊन सीट-बॅग-जेवण वेगळं घ्यावं, की सगळं धरलेलं महाग भाडं?

हरिपूर_रोड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये दिल्लीला दिराचं लग्न आहे. आम्ही चौघं: मी, हे, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. सांगलीहून गाडीने पुणे, तिथून थेट विमान. जाताना सकाळचं आणि येताना संध्याकाळचं, अशी दोन्ही विमानं ठरवली आहेत, पण एकाच विमानाची तीन भाडी दिसतात.

पहिलं ५,२०० रुपये. त्यात फक्त हातातली ७ किलोची बॅग. दुसरं ५,९००, त्यात हातातली बॅग आणि सामानात टाकायची १५ किलो. तिसरं ७,०५०, त्यात १५ किलो, सीट, खाणं आणि तारीख बदलायची झाली तर कमी दंड. हे सगळं माणशी आणि एका बाजूचं. परतीच्या दिवशीही हेच आकडे आहेत.

स्वस्तातलं घेऊन वरून एकेक गोष्ट घेतली तर पानावर असे दर दिसतात: पहिल्या भाड्यावर १५ किलोची बॅग १,३५०, पुढच्या रांगांतली कडेची सीट ३५०, तिच्या शेजारची मधली ३००, खाणं ४००. आधी घेतलेलं ५ किलो जादा वजन २,४००. काउंटरवर गेल्यावर किलोला ६००.

यांचं म्हणणं, सगळं धरलेलं घेऊन टाकू, डोक्याला ताप नको. मला तो फरक जास्त वाटतोय. जाताना सामान साधारण २७ किलो होईल, येताना आहेर धरून ३५-३६ किलो. जाणकारांनी तेवढं सांगा.

---

कृष्णाकाठ

यांचंच बरोबर आहे ताई. ११५० रुपयांत सीट ३५०, खाणं ४०० म्हणजे ७५० तिथेच वसूल. उरले ४००. चारशे रुपयांत तारीख बदलायची सोय मिळते. लग्नाच्या घाईत कशाला चिल्लर मोजत बसायची? महाग घ्या आणि निवांत जा.

---

तिकीटवाला_गणपतीपेठ

कृष्णाकाठदादा, तुमचा हिशेब एका माणसापुरता बरोबर आहे. पण तो माणूस सीटही विकत घेणारा असला पाहिजे आणि विमानात खाणाराही. या घरात तसं एकच माणूस आहे, सासूबाई. बाकी तिघांसाठीही तुम्ही तोच फरक भरताय, आणि तोही दोन्ही बाजूंना.

ताई, आधी एकूण रक्कम काढा. तिकिटाच्या पानावर माणशी आणि एका बाजूचा आकडा दिसतो म्हणून ११५० किरकोळ वाटतात. चार माणसं आणि दोन बाजू म्हणजे आठ वेळा तो फरक भरायचा आहे. दुसरं भाडं आठ वेळा म्हणजे ४७,२००. तिसरं आठ वेळा म्हणजे ५६,४००. फरक ९,२०० रुपये.

आता या ९,२०० मधलं तुम्ही खरंच काय विकत घेतलं असतं, ते बघा. सासूबाईंना पुढची कडेची सीट लागणार: दोन्ही बाजूंचे ७००. त्यांच्या शेजारी कोणीतरी हवं: ६००. जाताना विमान सकाळी साडेदहाचं असेल तर दोन तासांच्या प्रवासात कुणाला भूक लागत नाही. येताना संध्याकाळी दोघांनी खाल्लं तर ८००. झाले २,१००. म्हणजे दुसरं भाडं अधिक हव्या त्या गोष्टी मिळून ४९,३००. सगळं धरलेलं त्याहून ७,१०० ने महाग.

एक ध्यानात ठेवा. सगळं धरलेल्या भाड्यातल्या वस्तूंची किंमत पानावरच्या दराने लावायची नाही. जी वस्तू तुम्ही सुटी विकत घेतली नसती, तिची किंमत तुमच्यासाठी शून्य. गिऱ्हाईक नेमकं इथेच फसतं. पानावर ‘एवढ्याची बचत’ असं लिहिलेलं असतं, आणि ती बचत सगळ्या वस्तू सुट्या घेणाऱ्याशी तुलना करून काढलेली असते.

---

मिरज_जंक्शन

पण काका, मुलीचं काय? सीट विकत घेतली नाही तर पोरगी एकीकडे आणि आई दुसरीकडे. वेब चेक-इन करायला गेलं की सगळ्या सीटवर पैसेच दाखवतात, मग घ्यावीच लागते. आणि काउंटरवर जाऊन पास काढला तर त्याचे वेगळे पैसे घेतात. म्हणजे कसंही करा, सीटचे पैसे सुटत नाहीत. मग आधीच धरलेलं काय वाईट?

---

तिकीटवाला_गणपतीपेठ

यातलं अर्धं खरं आहे, अर्धं नाही.

मुलीचं आधी. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ सीट द्यायची. त्यासाठी सीट विकत घ्यायची गरज नाही. अट एकच, मूल आणि पालक एका पीएनआरवर हवेत. दोघांच्याही जवळ बसेल, खिडकी मिळेल किंवा पुढची रांग मिळेल, असं त्यात काही नाही. मागे मिळेल, पण आईजवळ मिळेल.

वेब चेक-इनला नकाशावर बऱ्याच सीटवर आकडे असतात, हे खरं. पण तिथे सीट न निवडता पुढे जायचा किंवा आपोआप सीट घ्यायचा रस्ता असतो, बारीक अक्षरांत खाली. तो सापडला नाही तर वेब चेक-इन सोडून द्या आणि काउंटरवर जा, तिथे फुकट सीट मिळते. काउंटरवर बोर्डिंग पास काढायचे पैसे काही कंपन्या घेत होत्या, पण जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ते घेऊ नका असं सांगितलं. तेव्हा ती भीती मनातून काढा.

सीट, खाणं, जादा सामान या गोष्टी प्रवाशाने स्वतः निवडल्या तरच लावायच्या, असा डीजीसीएचा नियम आहे. तरीही पैसे भरायच्या शेवटच्या पानावर आल्यावर बिलाचा तपशील उघडून एकदा ओळीओळीने वाचा. विमा, लवकर चढायची सोय, बॅगेची राखण असं काही चुकून दाबलं गेलेलं असतं आणि चौघांना लागतं. तिथून मागे जाऊन ते काढता येतं. पैसे भरल्यावर मात्र परत मिळत नाहीत.

---

अजिंक्यतारा

माझा भाचा जर्मनीला शिकायला चाललाय, साताऱ्याहून. त्याला २३-२३ किलोच्या दोन बॅगा मिळाल्या, खाणं-पिणं सगळं तिकिटातच. देशातल्या विमानातच हे लोक सगळ्याचे सुटे पैसे का लावतात कळत नाही. तुम्हीही मोठ्या कंपनीचं तिकीट काढा, म्हणजे दोन बॅगा मिळतील.

---

वसुधा_विटा

अजिंक्यतारा, परदेशी लांबच्या मार्गांवर बऱ्याचदा बॅगांच्या संख्येवर हिशेब असतो, एवढे नग आणि प्रत्येकी एवढं वजन. देशातल्या मार्गांवर हिशेब वजनाचा असतो. तो अनुभव इथे चालणार नाही. देशात ज्या कंपनीच्या भाड्यात खाणं असतं, तिच्याही सगळ्यात खालच्या भाड्यात सामान २५ नाही, १५ किलोच आहे. एअर इंडियाने २०२४ पासून तसं केलं आहे. भाच्याला एक सांगा: इथे सुट्टीला आल्यावर देशांतर्गत प्रवास करेल, तेव्हा विद्यार्थ्यांचं भाडं बघ म्हणावं. काही कंपन्या त्यात १० किलो जादा देतात. कॉलेजचं ओळखपत्र मात्र काउंटरवर दाखवावं लागतं.

ताई, आता तुमच्याकडे वळते. तिकीटवाल्या काकांनी दुसरं आणि तिसरं भाडं ताडून पाहिलं. पहिल्याचा विचार कुणीच केला नाही. मी तो करते, कारण तुमच्या घरात चौघांना मिळून ६० किलो सामान लागतच नाही. जाताना २७ किलो आहे.

पहिलं भाडं आठ वेळा म्हणजे ४१,६००. त्यावर दोन बॅगा दोन्ही बाजूंना घेतल्या तर १,३५० चार वेळा, म्हणजे ५,४००. एकूण ४७,०००. दुसऱ्या भाड्याचे ४७,२००. दोनशे रुपयांसाठी ६० किलोच्या जागी ३० किलो घेणं वेडेपणा आहे. पण एकच बॅग लागणार असती तर ४४,३०० पडले असते, म्हणजे २,९०० वाचले असते. हा हिशेब कुणालाही लावता येतो: दोन भाड्यांतला फरक गुणिले माणसं, त्याला सुट्या बॅगेच्या दराने भागा. इथे ७०० गुणिले चार म्हणजे २,८००, भागिले १,३५०, साधारण दोन. दोनपेक्षा कमी बॅगा असतील तरच बिनबॅगेचं भाडं परवडतं.

मग माझा उपाय. जाताना दोन पीएनआर करा. सासूबाई आणि तुमचे यजमान एकावर, ५,९०० च्या भाड्याने, म्हणजे ३० किलो मिळाले. तुम्ही आणि मुलगी दुसऱ्यावर, ५,२०० च्या भाड्याने. मुलगी तुमच्याच पीएनआरवर असल्यामुळे तुमच्याजवळच बसेल. जाताना १,४०० वाचले. येताना मात्र चौघांचं एकच तिकीट ५,९०० ने काढा, म्हणजे ३६ किलोचा प्रश्नच उरत नाही. देशातल्या तिकिटात जाण्याचं आणि येण्याचं एकत्र काढलं म्हणून सहसा स्वस्त पडत नाही. त्यामुळे दोन्ही बाजू वेगळ्या काढायला हरकत नाही.

येताना ५ किलो जादा वजन २,४०० ला विकत घेऊ नका. त्याऐवजी दोन माणसांचं भाडं पहिल्यावरून दुसऱ्यावर नेलं तर १,४०० मध्ये ३० किलो मिळतात. मोठं भाडं खरं परवडतं ते इथे.

एकूण: जाताना २२,२००, येताना २३,६००, सीट आणि खाण्याचे २,१००. झाले ४७,९००.

---

तिकीटवाला_गणपतीपेठ

वसुधाताई, हिशेब चोख आहे. पण १,४०० रुपयांसाठी मी माझ्या गिऱ्हाईकाचे दोन पीएनआर करणार नाही, आणि का ते सांगतो.

विमान रद्द झालं किंवा फार उशीर झाला की कंपनी पीएनआरप्रमाणे पुढच्या विमानात बसवते. डिसेंबरात दिल्लीला धुकं असतं, सकाळची विमानं लांबतात आणि त्याचा ताण दिवसभर पुढे सरकतो. पुण्यातून निघणारं विमानही त्यात अडकतं, कारण बऱ्याचदा तेच विमान दिल्लीहून आलेलं असतं. पुढच्या विमानात दोनच जागा असतील तर दोघं जातील आणि दोघं मागे राहतील. एका पीएनआरवर चौघं असले की ते सहसा एकत्र हलवतात. काउंटरवर ‘आम्ही एकत्र आहोत’ सांगून दुसरा पीएनआर जोडून नोंद करून घेता येते, पण ती विनंती आहे, हक्क नाही.

दुसरं सामानाचं. एका पीएनआरवरच्या लोकांचं वजन काउंटरवर एकत्र धरलं जातं. दोन पीएनआरचं एकत्र धरतीलच असं नाही. म्हणजे यजमानांच्या ३० किलोंत ३२ भरले तर तुमच्या पीएनआरकडे मोकळी जागा नसतेच, कारण ते बिनबॅगेचं भाडं. त्या दोन किलोंचे १,२०० जातील आणि वाचवलेले पैसे जवळजवळ संपले.

---

वसुधा_विटा

विमान खोळंबण्याची शक्यता मान्य. पण दोन्हीकडे एकेक मोठं माणूस आहे, मुलगी एकटी पडत नाही आणि सासूबाईही एकट्या पडत नाहीत. मी तरी ते पत्करेन. वजनाचं म्हणाल तर २७ किलो आहे, तीन किलोंची सवड आहे. घरी ताणकाट्यावर मोजून जायचं एवढंच.

---

कृष्णाकाठ

तुम्ही दोघं तारीख बदलायचा मुद्दा गिळून बसलात. तिसऱ्या भाड्यात दंड कमी आहे, त्याची किंमत कुठे धरली?

---

तिकीटवाला_गणपतीपेठ

चांगला मुद्दा आहे. ताई, दोन्ही भाड्यांत तारीख बदलायचा दंड किती लिहिलाय, तो नियमांच्या दुव्यावर दाबून बघा आणि इथे टाका.

---

हरिपूर_रोड

बघितलं. दुसऱ्या भाड्यात माणशी ३,०००. तिसऱ्यात चार दिवस आधी बदललं तर ५००, त्यानंतर जास्त. शिवाय नव्या तारखेच्या भाड्यातला फरक दोन्हीकडे भरायचा.

---

तिकीटवाला_गणपतीपेठ

म्हणजे बदललंच, तर माणशी २,५०० वाचतात, आणि तेही चार दिवस आधी कळलं तरच. भाड्यातला फरक सुटत नाही. डिसेंबरात तो फरकच दंडापेक्षा मोठा असू शकतो.

आता सासूबाईंचं बघा. त्यांच्यासाठी ११५० मधले सीटचे ३५० आणि खाण्याचे ४०० वसूल होतात, असं धरू. त्यांनी जातानाही खाल्लं तर. उरलेले ४०० फक्त तारीख बदलायच्या सोयीचे. ४०० देऊन २,५०० वाचवायचे असतील तर सहातून एकदा तरी तारीख बदलावी लागेल. लग्नाची तारीख सहातून एकदा बदलत नाही. आणि तुमच्या तिघांसाठी तर ११५० मधलं जवळजवळ सगळंच त्या सोयीचं मोल होतं. ते वसूल व्हायला दोनातून एकदा तारीख बदलायला हवी.

पण हेच तिकीट कुणी दवाखान्यासाठी घेत असेल, म्हणजे वेल्लोरला किंवा दिल्लीच्या एम्सला तपासणीची तारीख मिळालीय आणि ती पुढे सरकते हे माहीत आहे, तर मी डोळे झाकून तिसरं भाडं देतो. एकट्या माणसाला, सामानासह, सीट लागणारी, तारखेचा भरवसा नाही: त्या माणसासाठी ते भाडं बनवलेलं आहे.

रद्द करण्याचंही सांगून ठेवतो, कारण यात लोक पैसे सोडून देतात. तिकीट रद्द केलं तर कंपनी मूळ भाडं आणि इंधन अधिभार यापेक्षा जास्त कापू शकत नाही. सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावंच लागतं, अगदी ‘परतावा नाही’ लिहिलेल्या भाड्यावरही आणि विमानाला गेलाच नाही तरीही. सुट्या घेतलेल्या सीट, खाणं, बॅग यांचे पैसे मात्र तुम्ही स्वतः रद्द केलं तर सहसा जातात. म्हणून वरच्या गोष्टी तिकीट काढताना लगेच घेऊ नका. तिकीट आधी काढा. सासूबाईंची सीट तेवढी लगेच घ्या, कारण पुढच्या कडेच्या सीट भरतात. खाणं आणि वजन प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधी घ्या, तेव्हा काय लागणार ते नक्की कळलेलं असतं. खाणं आधी मागवायची मुदत साधारण एक दिवसाची असते, ती चुकवू नका. विमानात घेतलं तर निवड कमी असते, आणि सासूबाईंना साखर चालत नसेल तर अडचण होते.

---

मिरज_जंक्शन

घरचं नेलं तर? पोळी-भाजी चालते ना?

---

वसुधा_विटा

पोळी-भाजी, थालीपीठ, भडंग सगळं चालतं. लोणचं आणि तिखट-मसाल्याची पुडी मात्र हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीला अडवतात. ती सामानात टाका. ताई लग्नाला चाललात म्हणून आणखी एक. ओटीसाठी अख्खं सुकं खोबरं नेऊ नका. २०२२ पासून ते मनाई यादीत आहे, तेल जास्त असल्याने पेट घेण्याची भीती असते म्हणून. ओटीचं दिल्लीत घ्या.

बिनबॅगेच्या भाड्याने जाणाऱ्यांना हे फार महत्त्वाचं आहे. सांगलीचा माणूस हळद, तिखट, चटणी घेतल्याशिवाय निघत नाही. मग तपासणीत पुडी अडकली की परत काउंटरवर या, बॅग सामानात द्या आणि तिथल्या दराने पैसे भरा. पाच किलोची छोटी बॅगसुद्धा ६०० च्या दराने ३,००० ची होते. ७०० वाचवायला घेतलेलं भाडं असं अंगावर येतं.

---

हरिपूर_रोड

हे बरं सांगितलंत, दोन किलो हळद आणि चटणीची बरणी यादीत होतीच. ती यांच्या बॅगेत टाकते. आणि काउंटरवरचा दर आयत्या वेळी बदलून सांगितला तर?

---

तिकीटवाला_गणपतीपेठ

फेब्रुवारी २०२१ मध्ये डीजीसीएने बिनबॅगेच्या भाड्याला परवानगी दिली तेव्हाच अट घातली की काउंटरवर बॅग आणली तर किती पैसे पडतील ते तिकीट काढताना दाखवायचं आणि तिकिटावर छापायचं. ईमेलवर आलेल्या तिकिटाच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत सापडेल. तो कागद मोबाइलमध्ये ठेवा.

हातातल्या बॅगेचं माप पण बघा. नुसतं ७ किलो नाही, लांबी-रुंदी-उंची मिळून ११५ सेंटिमीटर. गेटवर मापाच्या चौकटीत बसली नाही तर ती सामानात घेतात. घेतली तर आधी पॉवर बँक बाहेर काढा, ती सामानात चालत नाही. आणि मोठी बॅग घेणार असाल तर एका बॅगेचं वजन ३२ किलोंच्या आतच हवं, कितीही पैसे भरले तरी. काही कंपन्या माणशी एकच नगही धरतात. तेव्हा ३० किलो मिळालेत म्हणून पाच पिशव्या करू नका, दोन बॅगा करा.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर सांगा. ती फुकट असते. तिकिटावर दोन दिवस आधी नोंदवा. ती सोय मिळेल म्हणून महाग भाडं घ्यायची काही गरज नाही.

---

पेठनाका

कोल्हापूरहून का नाही जात? सांगलीतून पन्नास किलोमीटर. पुण्याला पाच तास जातात.

---

तिकीटवाला_गणपतीपेठ

दिल्लीला थेट नाही, हैदराबाद किंवा बेंगळुरूमार्गे जावं लागतं. तिथे हिशेब बदलतो. सीट आणि खाणं प्रत्येक विमानाचं वेगळं, म्हणजे सासूबाईंच्या सीटचे पैसे जातानाच दोनदा. बॅगेचे पैसे मात्र एका तिकिटावर असेल तर एकदाच. त्यामुळे मध्ये विमान बदलायचं असेल तर सगळं धरलेलं भाडं थोडं जास्त परवडतं, कारण ते बऱ्याचदा दोन्ही टप्प्यांची सीट धरतं. कोल्हापूरच्या मार्गावर एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, असेल तर त्या टप्प्याला सीट विकत घेऊच नका. दोन-दोनची रांग असते, मधली सीट नसतेच. फक्त वरचे कप्पे छोटे असतात, फुगलेली बॅग बसत नाही.

गुडघेदुखीच्या माणसाला मध्ये विमान बदलायला लावण्यापेक्षा पुण्याची गाडी बरी, हे माझं मत. गाडीत पाय मोकळे करायला थांबता तरी येतं.

---

पेठनाका

पटलं नाही पूर्ण. पाच तास गाडीत बसून गुडघे काय कमी दुखतात? व्हीलचेअर मधल्या विमानतळावरही मिळते. पण ठीक आहे.

---

मिरज_जंक्शन

एक शंका. मी सहज बघितलं, एका माणसाला ५,६०० दाखवतंय, चौघांना ५,९००. हे कसं?

---

वसुधा_विटा

कंपनी एकाच विमानात एकेका दराच्या थोड्याच जागा ठेवते. ५,६०० च्या तीनच उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या, तर चौघांना वरचा दर लागतो. दोन-दोन करून काढलं तर पहिल्या दोघांना ५,६०० मिळतात. म्हणून भाडी ताडून बघताना माणसांची संख्या तीच ठेवा. एका माणसाचं महाग भाडं आणि चौघांचं स्वस्त भाडं अशी तुलना करून काही उपयोग नाही. आणि ताई, ही माझ्या दोन पीएनआरच्या बाजूची आणखी एक गोष्ट झाली: आज ते सहाशे रुपये तिथेही वाचतील.

---

तिकीटवाला_गणपतीपेठ

ते खरं आहे, आणि तरीही मी चौघांचं एकच काढेन.

---

हरिपूर_रोड

सगळ्यांचे आभार. यांना ९,२०० चा आकडा दाखवला, तेव्हा सगळं धरलेलं भाडं बाजूला पडलं. येतानाचं चौघांचं एकत्र, ५,९०० ने, आत्ताच काढलं. सासूबाईंची ४ सी आणि यांची ४ बी घेतली. आम्हा दोघींची सीट सोडली आहे. व्हीलचेअरची नोंद केली. खाणं आदल्या दोन दिवसांत मागवणार.

जातानाचं मात्र अजून काढलेलं नाही. वसुधाताईंचे पैसे वाचतात, पण धुक्याचं ऐकल्यापासून मन होत नाही. सकाळऐवजी दुपारचं विमान घेतलं तर भाडं ६,१०० होतंय. दुपारच्या विमानाला धुक्याचा फटका कमी बसतो का, हे कुणी सांगेल का? तसं असेल तर दोन पीएनआर करायला मी तयार आहे.

---

तिकीटवाला_गणपतीपेठ

दिल्लीचं धुकं बहुतेक पहाटे ते सकाळी दहा-अकरापर्यंत दाट असतं. दुपारी ते निवळतं, पण सकाळी अडकलेली विमानं दुपारी उशिराने फिरत असतात. त्या विमानाच्या क्रमांकाची गेल्या डिसेंबरातली वेळ विमान-मागोवा दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर मिळाली तर बघा, नुसत्या अंदाजावर ६,१०० देऊ नका. बिनबॅगेचं भाडं दुपारच्या विमानाला किती आहे, तेही टाका. दोन भाड्यांतला फरक तिथे ७०० नसेल तर वसुधाताईंचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

---

हरिपूर_रोड

दुपारचं बिनबॅगेचं ५,७५०. म्हणजे फरक ३५० चाच.

---

वसुधा_विटा

मग दुपारच्या विमानाला दोन पीएनआर करू नका. दोघींचे मिळून ७०० वाचतील, तेवढ्यासाठी काकांचं ऐका आणि चौघांचं एकच काढा. सकाळचं घेणार असाल तर मात्र मी माझ्या म्हणण्यावर कायम आहे.